‘कुड यू प्लीज’ मराठीत कसं म्हणायचं?

मागच्या सुट्टीत आम्ही न्यू जर्सीहून पुण्याला गेलो होतो. माझी बारा वर्षांची मुलगी वाण्याच्या दुकानात म्हणाली, “काका, तुम्ही मला कृपया अर्धा किलो पोहे देऊ शकता का?” वाणीकाका हसून म्हणाले, “देऊ शकतो की! दुकान त्यासाठीच उघडलंय.” त्यांनी प्रेमानेच म्हटलं, पण त्यानंतर आठवडाभर ती दुकानात इंग्रजीच बोलली.

तिचं काय चुकलं? मनातल्या ‘कुड यू’चं ‘शकता का’ झालं आणि ‘प्लीज’चं ‘कृपया’. मराठीत ‘शकता का’ म्हटलं की प्रश्न समोरच्याच्या क्षमतेचा होतो. “उद्या येऊ शकाल का?” हे ठीक, कारण त्यांना जमेल की नाही हे खरंच माहीत नसतं. पोहे द्यायला मात्र वाण्याला काय अडचण? आणि ‘कृपया’ शोभतं पाटीवर: ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’. बोलताना ते फारसं येत नाही.

दुकानात एवढंच पुरे: “काका, अर्धा किलो पोहे द्या.” भाजीवालीला, “मावशी, मेथीची एक जुडी द्या ना.” इंग्रजी कानाला हे हुकूम वाटतात. पण आदर ‘काका’, ‘मावशी’ या हाकेत आणि ‘दे’ऐवजी ‘द्या’ म्हणण्यात आलेला असतो. विक्रेता वयाने लहान दिसला तरी पाहुण्याने ‘द्या’च म्हणावं.

मग साहेबांनाही ‘द्या’ चालेल? इथे मी स्वतः फसलो होतो. पुण्यातल्या एका वरिष्ठांना मी लिहिलं, “सर, रिपोर्ट आज बघा.” ‘बघा’ आदरार्थीच आहे, तरी त्यांचं उत्तर आलं, “बघतो. अजून काही आज्ञा?”

तेव्हा लक्षात आलं की आदर वेगळा आणि विनंती वेगळी. वाण्याकडे आपण त्याचं रोजचं कामच सांगतो. साहेबांकडे त्यांचा वेळ मागतो, म्हणून त्यांना ‘नाही’ म्हणायला जागा ठेवावी लागते. ती जागा प्रश्नातून मिळते: “सर, रिपोर्ट आज जरा बघाल का?” काम मोठं असेल तर आणखी एक पायरी: “सर, आज वेळ मिळाला तर रिपोर्ट बघता येईल का?” इथे ‘तुम्ही’सुद्धा गळतं, त्यामुळे साहेबांवर भार येत नाही.

घरी मुलांकडून एकच वाक्य तीन प्रकारे म्हणवून घ्या: भावाला ‘दे ना’, वाण्याला ‘द्या’, आणि ज्यांचा वेळ मागायचा त्यांना ‘द्याल का’. ‘जरा’ तिन्हीकडे चालतं. आपल्या बोलण्यातलं ‘प्लीज’ बहुतेक वेळा तेच असतं.

माझी मुलगी आता फोनवर म्हणते, “आजी, जरा आजोबांना फोन देतेस का?” आजीला आपण ‘तू’ म्हणतो ना! तिथे ‘द्याल का’ म्हटलं, तर आजी विचारेल, “रागावलीस का गं?”