‘मध्यम’ हवा कोणासाठी मध्यम?
(व्याख्यानाचा मजकूर)



आपले मुकुटबन कोळसा आणि चुनखडीच्या पट्ट्यात आहे. धूळ आपल्याला नवी नाही. नवा आहे तो हवेला मिळालेला आकडा. केंद्र शासनाने 2015 साली राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांक सुरू केला. 0 ते 50 चांगली हवा, 100 पर्यंत समाधानकारक, 200 पर्यंत मध्यम, 300 पर्यंत वाईट, 400 पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर, अशा त्याच्या सहा पायऱ्या आहेत. आज आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीबद्दल, कारण या पायऱ्यांची नावे ऐकून माणूस निर्धास्त होतो.

प्रथम आकडा कसा निघतो ते पाहू. हवेतील प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतील सर्वांत मोठा तोच त्या दिवसाचा निर्देशांक. येथे सरासरी घेत नाहीत. समजा एका घनमीटर हवेत दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ 180 मायक्रोग्रॅम भरली, तर तिचा उपनिर्देशांक सुमारे 153 येतो. अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण 75 भरले, तर त्यांचा सुमारे 149 येतो. बाकीचे वायू यापेक्षा कमी असतील, तर फलकावर 153 लागेल. हवा ‘मध्यम’.

पण या पायरीचा सरकारी अर्थ काय? दमा, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे धडधाकट तरुणाला मध्यम वाटणारी हवा दमेकरी आजोबांसाठी मध्यम नसते.

आता दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते हीच अधिक महत्त्वाची. धुळीचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. समजा वीस तास धूळ 60 राहिली आणि चार तास 300 झाली. सरासरी बरोबर 100 येते आणि तिचा निर्देशांकही 100, म्हणजे हवा ‘समाधानकारक’. दिवसभर 300 राहिली असती, तर हीच हवा 250 वर, ‘वाईट’ ठरली असती. हिवाळ्यात असे घडणे सहज शक्य असते. रात्री जमीन गार होते, जमिनीलगतची थंड हवा खाली बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. चुलींचा व शेकोट्यांचा धूर, ट्रकने उडवलेली धूळ खालीच कोंडते. ऊन तापल्यावर झाकण उघडते. नेमक्या त्याच सकाळच्या वेळी लेकरे शाळेला निघतात आणि म्हातारी माणसे फिरायला.

लेकराच्या फुप्फुसात काय होते? मोठे कण नाकात, घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकतात, खोकल्याने बाहेर पडतात. सूक्ष्म कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत जातात. जन्माच्या वेळी वायुकोश थोडेच असतात, बहुतेक नंतर तयार होतात. फुप्फुसाची क्षमता तर अठरा-वीस वर्षांपर्यंत वाढत असते. शिवाय वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा घेते. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांचा दहा ते अठरा वर्षे वयापर्यंत अभ्यास झाला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात दूषित भागातील मुलांच्या फुप्फुसांची वाढ कमी आढळली. पुढे तेथील हवा सुधारली, तसतशी नंतरच्या मुलांची वाढही सुधारली, असे 2015 साली दिसून आले.

म्हाताऱ्यांची अडचण उलटी आहे. तिशीनंतर फुप्फुसाची ताकद दरवर्षी थोडी घटते. बरगड्या ताठ होतात, कफ वर ढकलणारी यंत्रणा मंदावते, खोकल्याचा जोरही कमी पडतो. त्यामुळे आत गेलेली धूळ लवकर बाहेर येत नाही, आणि सूक्ष्म कणांचा ताण हृदयावरही पडतो. ज्या आजींनी आयुष्यभर पऱ्हाटीच्या चुलीपुढे स्वयंपाक केला, त्यांच्या छातीतील धूर तर कोणत्याच केंद्राच्या आकड्यात येत नाही.

म्हणून आकडा बघताना तो कोणत्या केंद्राचा आहे हे आधी पाहावे. चंद्रपूरचा आकडा मुकुटबनचा नव्हे. मग तासातासाचा आलेख पाहावा. केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्रांचे आकडे मिळतात. धुके आणि धूर एकत्र दिसले, तर खेळ व फेरफटका ऊन वर आल्यावर ठेवावा. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 लागतो.

आणि आकड्याची वाट न पाहता माणसाकडे पाहावे. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा त्याहून अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. म्हाताऱ्या माणसाला एक वाक्य दमाने पुरे करता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर फलकावर ‘चांगली’ लिहिले असले तरी थांबू नये.