वाढदिवसाच्या बशीतील उष्मांक

वाढदिवसाला मुलांपुढे येणारी बशी आता खेड्यापाड्यांतही परिचयाची झाली आहे. केकचा तुकडा, एक समोसा, मूठभर वेफर्स आणि पेलाभर गोड पेय. डोळ्यांना हा खाऊ थोडकाच वाटतो. त्यातील उष्मांक मात्र थोडके नसतात.

सात वर्षांच्या मुलाची बशी घेऊ. क्रीम लावलेल्या ८० ग्रॅम केकमधून सुमारे ३०० उष्मांक मिळतात, तेवढ्याच वजनाच्या समोशातून २५०, वीस ग्रॅम वेफर्समधून ११० आणि २०० मिलिलिटर पेयातून ९०. एकूण झाले ७५०. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार या वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे १,७०० उष्मांक लागतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या अल्पोपाहारात दिवसाच्या गरजेचा दोन पंचमांशाहून अधिक भाग संपतो.

हे उष्मांक येतात कोठून? एक ग्रॅम साखर किंवा पिठूळ पदार्थ चार उष्मांक देतो, तर एक ग्रॅम तेल नऊ. वीस ग्रॅम वेफर्ससाठी सुमारे ८० ग्रॅम बटाटा लागतो. तो उकडून खाल्ला तर साठाच्या आसपास उष्मांक मिळतात. तळताना बटाट्यातील पाणी उडून जाते, त्या जागी तेल शिरते आणि उष्मांक जवळजवळ दुप्पट होतात.

समोशातही अर्धे उष्मांक तेलाचेच असतात. त्याचा अंदाज घरी घेता येतो. तळण्यापूर्वी व तळल्यानंतर कढईतील तेलाचे वजन करावे. वीस समोशांमागे १६० ग्रॅम तेल कमी झाले, तर प्रत्येकात आठ ग्रॅम गेले. झाऱ्याला व कागदाला लागलेले तेल त्यातून थोडे वजा होईल. पण मोहनाचे पाच-सहा ग्रॅम त्यात मिळवावे लागतील. लहान समोसे केल्याने मात्र फारसे साधत नाही. सारणाच्या मानाने त्यांचे आवरण अधिक असते आणि तेल मुख्यत्वे आवरणातच राहते.

पेयाचे उष्मांक सर्वांत कमी. तरीही सावधगिरी तेथेच अधिक हवी. पेल्यात सुमारे २२ ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर असते, पण तिने पोट भरल्याची जाणीव होत नाही. त्यामुळे दुसरा पेला सहज रिचवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मर्यादेप्रमाणे अशा मुलाच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ४२ ग्रॅमपेक्षा कमी असावी. केक व एक पेला मिळूनच ती मर्यादा गाठली जाते.

एखाद्या दिवसाच्या अशा खाण्याने मुलाचे नुकसान होत नाही. प्रश्न उभा राहतो तो महिन्यातून चार-पाच वाढदिवस येतात तेव्हा. पेयाऐवजी पाणी किंवा ताक, केकचा निम्मा तुकडा आणि वेफर्सऐवजी केळ्याच्या चार-पाच चकत्या दिल्या, तर हीच बशी सुमारे ४५० उष्मांकांवर येते. समोसा तसाच राहतो आणि मुलाचा आनंदही.