चिपवर लिहिलंय एक, आत आहे दुसरंच

मागच्या भागानंतर मानवतच्या एका श्रोत्यानं विचारलं: मोटारच्या स्टार्टरला जीएसएम मॉड्यूल जोडलंय, १२ व्होल्टच्या बॅटरीवरून एलएम २५९६ च्या मॉड्यूलने ४ व्होल्ट करून देतोय, पण फोन लावला की मॉड्यूल रीसेट होतं. असं का? तर आज हेच एक मॉड्यूल हातात घेऊन वाचूया. त्यावरच्या खुणा वाचता आल्या की निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

सगळ्यात आधी काळी चौकोनी कॉइल बघा. तिच्यावर बहुतेक वेळा ३३० लिहिलेलं असतं, काहींवर ४७०. हे ३३० मायक्रोहेन्री नाही बरं का. पहिले दोन आकडे जसेच्या तसे, आणि तिसरा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं. ३३ आणि शून्य शून्यं, म्हणजे ३३ मायक्रोहेन्री. त्याच बोर्डावरच्या निळ्या प्रीसेटवर १०३ असतं: १० वर तीन शून्यं, १०,००० ओहम. डायोडवर एसएस३४ असेल तर ३ अँपिअर, ४० व्होल्टचा शॉटकी. इथपर्यंत खुणा बहुधा खरं बोलतात.

गडबड आहे मुख्य चिपमध्ये. खरी एलएम २५९६ सेकंदाला साधारण दीड लाख वेळा, म्हणजे १५० किलोहर्ट्झने, चालू-बंद होते. तिची जुनी बहीण एलएम २५७६ फक्त ५२ किलोहर्ट्झने. स्वस्त मॉड्यूलवर नाव २५९६ चं आणि वेग ५० च्या आसपास, असं सर्रास सापडतं. कॉइल मात्र वेगवान चिपच्या हिशोबाने लहानच बसवलेली.

आता आकडे घालून बघू. १२ वरून ४ व्होल्ट, कॉइल ३३ ची. १५० किलोहर्ट्झला कॉइलमधला करंट साधारण ०.५४ अँपिअरने वरखाली होतो. ५२ ला तोच १.५५ होतो, जवळपास तिप्पट. जीएसएम मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. म्हणजे कॉइलवरचा शिखर करंट खऱ्या चिपला २.२७, आणि नकली चिपला २.७८. शिवाय आउटपुटच्या कपॅसिटरचा आतला रोध ०.२ ओहम धरला, तर व्होल्टेजचा हेलकावा ०.११ वरून ०.३१ व्होल्टवर जातो. तारा लांब आणि बारीक असतील तर आणखी भर. रीसेट होणारच.

ओळखायचं कसं? नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून बघतात, वरचा थर सुटला तर चिपवर नवं नाव छापलंय. पण पुसलं जात नाही म्हणजे खरी, असं नाही. काही चिप कारखान्यातूनच नकली नाव घेऊन येतात. खात्रीचा मार्ग म्हणजे वेग मोजणं. आउटपुटला १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावा (बिनलोड चालवलं तर आकडा फसवतो). मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवा, काळी तार ग्राउंडला, लाल तार कॉइलच्या डायोडकडच्या टोकाला. तार घसरून शॉर्ट होऊ देऊ नका. १२७ ते १७३ किलोहर्ट्झच्या आत आकडा आला तर निदान वेग तरी खरा. ५० च्या जवळ आला तर विषय संपला.

मग अस्सल कुठे मिळेल? देवगिरीने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरा, लॅमिंग्टन रोडला जा, किंवा पुण्यात बुधवार पेठेत. तिथे माल चांगलाही मिळतो, पण दुकानदाराला सरळ विचारा, 'ओरिजिनल की कॉपी?' चांगला दुकानदार खरं सांगतो, आणि दोन्हींचे भाव वेगळे सांगतो. एकदम वीस घेऊ नका; दोन घ्या, मोजा, मग त्याच लॉटमधले घ्या. चिप स्वतः सोल्डर करणार असाल तर `LM2596S-ADJ` हे पूर्ण नाव टाकून माउजर किंवा डिजी-की वर शोधा. ही चिप मूळ नॅशनल सेमीकंडक्टरची. २०११ मध्ये ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, त्यामुळे अधिकृत वितरकांची यादी त्यांच्याकडेच बघायची. तिथे एका सुट्या चिपचा भाव बघितला की लक्षात येतं, बाजारात अख्खं मॉड्यूल त्याहून कितीतरी स्वस्त आहे. मग त्यात अस्सल चिप बसेल कुठून?

माझं मत विचाराल, तर साध्या सेन्सरसाठी, अर्ध्या अँपिअरच्या आत, नकली मॉड्यूल खुशाल वापरा. मानवतच्या दादांनी मात्र कॉइल बदलून १०१ लिहिलेली, म्हणजे १०० मायक्रोहेन्रीची, किमान ३ अँपिअरची लावावी. ५२ किलोहर्ट्झलाही चढउतार ०.५१ वर येतो, अस्सल चिपइतकाच. कॉइल आकाराने मोठी येईल, डब्यात जागा आधी बघा.