सनई की क्लॅरिनेट?
(हीरक महोत्सवी वर्षातील संगीतश्रवण वर्गात मुख्याध्यापिकांनी दिलेले व्याख्यान)



काही वर्षांपूर्वी याच सभागृहात वाद्य ओळखण्याची स्पर्धा होती. गर्शविनच्या १९२४ सालच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’चा आरंभ ऐकवला गेला. खालच्या स्वरावरील कंपनातून एकच सूर लांबलचक मींड घेत वर चढतो. सातवीतील एका मुलीने उत्तर लिहिले, ‘क्लॅरिनेट’. मींड ऐकून मी ते ‘सनई’ म्हणून खोडले आणि तिचा गुण गेला. चूक माझी होती.

मींड हा पुरावा नव्हे. सनईवादक छिद्रे अर्धवट झाकून आणि फुंकर आवरून मींड काढतो. क्लॅरिनेटवादकालाही बोटांनी व ओठांनी ती साधते. खरा पुरावा त्या आरंभीच्या खालच्या स्वरात होता. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी सरळ, एकसारख्या रुंदीची असते आणि मुखाशी वेताची एकच पट्टी असते. अशा नळीत विषम उपस्वर प्रबळ राहतात, म्हणून तिचे खालचे स्वर रिकाम्या मडक्यात फुंकल्यासारखे पोकळ, गडद वाटतात. वर गेल्यावर तोच आवाज उजळतो. जणू एका वाद्यात दोन कंठ. शिवाय ती चढण सुमारे अडीच सप्तकांची आहे. सनईचा पल्ला साधारण दोन सप्तकांचा.

सनई आणि ओबो यांची नळी निमुळती, खाली रुंदावत जाणारी. त्यांत सम-विषम सारे उपस्वर उमटतात, म्हणून दोघींचा आवाज भरीव आणि किंचित सानुनासिक. मग त्या दोघींत भेद कसा करावा? तेथे श्वास ऐकावा. ओबोच्या दुहेरी पट्टीतील फट इतकी बारीक असते की वादकाची हवा संपत नाही, छातीत कोंडून राहते. म्हणून वाक्याच्या शेवटी आधी कोंडलेला श्वास सुटल्याचा हलका आवाज येतो, मग नवा श्वास घेतला जातो. सनईत फुंकर मोकळी व जोरकस असते. गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवण्याची रीतही आहे. मागे सुरसनईचा स्थिर षड्जही बहुधा ऐकू येतो.

ताडून पाहायचे असेल, तर प्रोकोफिएव्हची १९३६ सालची ‘पीटर अँड द वुल्फ’ ऐका. त्यात बदक ओबोचे आहे आणि मांजर क्लॅरिनेटचे. मांजराची पावले खालच्या, पोकळ स्वरांत पडतात. मात्र क्लॅरिनेट वरच्या पट्टीतच वाजत असेल, तर ही खूण अपुरी ठरते. अशा वेळी सूर खाली उतरेपर्यंत थांबावे, निर्णय घाईने देऊ नये.

मी तो दिला होता. त्या मुलीला नंतर विचारले, “कसे ओळखलेस?” ती म्हणाली, “बाई, मी शेवट नाही, सुरुवात ऐकली.” तिचा गुण मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमक्ष परत दिला.