थांबलेला हप्ता, चालू व्याज



२७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. मे महिन्यात ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढविली. लोक त्याला 'हप्त्याची सुट्टी' म्हणू लागले. सुट्टी हप्त्याला होती, व्याजाला नव्हती. काउंटरवर बसणाऱ्या आम्हा मंडळींना हे दिवसातून कितीदा सांगावे लागले, त्याचा हिशेब नाही!

आता एक उदाहरण घेऊ. घरकर्जाची बाकी १० लाख, व्याज ९ टक्के, मुदत आणखी १५ वर्षे. हप्ता येतो सुमारे १०,१४३ रुपये. त्यातले ७,५०० रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल फिटते अवघे २,६४३. तीन महिने हप्ता भरला नाही तर तिन्ही महिन्यांचे व्याज बाकीत मिळते आणि बाकी होते १०,२२,६६९. हे वाढलेले २२,६६९ रुपये जुन्याच हप्त्यातून फेडायचे. एक हप्ता मुद्दलाचे जेमतेम अडीच हजार कापतो, म्हणून सुमारे नऊ हप्ते जादा पडतात. थांबलेले तीन महिने धरून कर्ज एक वर्ष उशिरा फिटते आणि खिशातून जादा जातात सुमारे ९० हजार.

हेच कर्ज शेवटच्या वर्षात असेल तर बाकी १ लाख १६ हजारांच्या आसपास असते. तिथे तीच सवलत तीन हजारांच्या आत पडते. म्हणजे सवलत महाग की स्वस्त, हे कर्ज किती जुने त्यावर ठरते. नव्या कर्जदाराने ती नाइलाज असेल तरच घ्यावी, असे आमचे मत आहे. पगारच थांबला असेल तर मात्र घ्यावीच. थकबाकीचा शिक्का त्याहून वाईट.

घेतलीच, तर पुढे काय करायचे ते बँकेला विचारावे. चौथ्या महिन्यात ते २२,६६९ रुपये एकरकमी भरले तर जादा भुर्दंड तेवढाच. मुदत न वाढविता हप्ता २३० रुपयांनी वाढवून घेतला, तर १५ वर्षांत सुमारे ४१,४०० जातात. काहीच न सांगता गप्प राहिले, तर बहुधा मुदत वाढते, आणि तोच सर्वांत महाग मार्ग.

व्याजावरच्या व्याजाबद्दल वर्तमानपत्रांतून पुष्कळ गाजले. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने दोन कोटींपर्यंतच्या ठराविक कर्जांना ते परत देण्याचे ठरविले, आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कोणाकडूनच घेऊ नये असे सांगितले. पण मूळ व्याज माफ केले नाही. आपल्या उदाहरणात व्याजावरचे व्याज तीन महिन्यांचे १६९ रुपये, सहा महिन्यांचे सुमारे ८५२. खरा बोजा मूळ व्याजाचाच होता.

सवलतीनंतर बँकेकडून परतफेडीचे नवे वेळापत्रक मागून घ्यावे. त्यात शेवटच्या हप्त्याची तारीख पाहावी आणि जुन्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी. ती तीनच महिने पुढे गेली आहे की वर्षभर, हे तिथेच कळते.