अठ्ठेचाळीस की एकोणचाळीस?



शिक्षकाने तपासलेल्या वहीत चूक विद्यार्थ्याचीच असते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. आज मी एका वहीविषयी सांगणार आहे. तीत विद्यार्थ्याचे मोजमाप बरोबर होते आणि चूक माझी होती. प्रश्न होता एका साध्या भिंगाचा; आणि हे भिंग पाण्यात बुडविले असता त्याचे काय होते, याचा.

हे भिंग दोन्ही बाजूंनी फुगीर होते. परंतु दोन्ही बाजू सारख्या फुगीर नव्हत्या. एक पृष्ठभाग ज्या गोलाचा तुकडा मानता येईल त्या गोलाची त्रिज्या १० सेंटीमीटर होती आणि दुसऱ्याची १५. त्रिज्या लहान तितकी बाजू अधिक फुगीर, हे लक्षात असू द्यावे. काचेचा वक्रीभवनांक १.५ होता. म्हणजे प्रकाश हवेत जितक्या वेगाने जातो त्याच्या दोनतृतीयांश वेगाने तो या काचेतून जातो.

एवढी माहिती हाती असली की भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून किती अंतरावर पडेल ते, गणिताने काढता येते. ज्याच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो त्या एडमंड हॅलीने पातळ भिंगांचा हा हिशेब १६९३ साली सर्वसामान्य रूपात प्रसिद्ध केला. भिंग घडविणाऱ्याला त्याचा उपयोग उघड आहे. काच कोणती आणि ती कशी घासावयाची, हे त्यावरून ठरते. दोन्ही बाजू फुगीर असलेल्या भिंगासाठी सूत्र असे आहे :

1/f = (n − 1) (1/R₁ + 1/R₂)

येथे f हे नाभीय अंतर, n हा वक्रीभवनांक आणि R₁, R₂ या दोन त्रिज्या होत. पुष्कळ पुस्तकांत दुसऱ्या कंसात अधिकऐवजी उणे चिन्ह आढळते. तेथे दुसरी त्रिज्या ऋण धरावयाची असते, म्हणून शेवटी बेरीजच होते. हे न उमजता जो धन आकड्यांचीच वजाबाकी करतो त्याचे उत्तर ६० सेंटीमीटर येते. फुगीर बाजू एकमेकींना साहाय्य करतात, विरोध करीत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे ही चूक होत नाही.

आता आपले भिंग घेऊ. एकदशांश आणि एकपंधरांश मिळून एकषष्ठांश. त्याची निमपट एकबारांश. तेव्हा नाभीय अंतर १२ सेंटीमीटर. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर दूरवर एक झाड दिसत असे. भिंगामागे पांढरा पुठ्ठा धरून मागेपुढे केला की बरोबर १२ सेंटीमीटरांवर त्या झाडाची उलटी, चिमुकली, स्पष्ट प्रतिमा उमटे. भिंग फिरवून दुसरी बाजू झाडाकडे केली तरी १२च. बाजू असमान असल्या तरी बेरजेत कोणता आकडा आधी घेतला याने फरक पडत नाही.

पुढचा प्रयोग तेच भिंग पाण्यात बुडवून करावयाचा होता. पाण्याचा वक्रीभवनांक चारतृतीयांश, म्हणजे सुमारे १.३३. प्रकाश पाण्यातून हवेतल्या वेगाच्या तीनचतुर्थांश वेगाने जातो. भिंगात शिरताना किरण वाकतो तो वेग बदलतो म्हणून. हवेतून काचेत येताना वेग पुष्कळ घटतो. पाण्यातून काचेत येताना तो आधीच मंदावलेला असल्यामुळे थोडाच घटतो. म्हणून सूत्रात नुसता काचेचा वक्रीभवनांक घालून चालत नाही. काचेच्या अंकाला पाण्याच्या अंकाने भागावे लागते. १.५ ला चारतृतीयांशाने भागले की १.१२५ येतात. त्यातून एक वजा केला की उरतो एकअष्टमांश; हवेत तेथे एकद्वितीयांश होता. त्रिज्या बदललेल्या नाहीत, काच बदललेली नाही. तरीही भिंगाची शक्ती चौथाईवर आली आणि नाभीय अंतर चौपट, म्हणजे ४८ सेंटीमीटर झाले.

भिंगाची शक्ती एकट्या काचेत नसते. ती काच आणि तिच्या भोवतीचा पदार्थ यांच्यातील फरकात असते. ग्लिसरीनचा वक्रीभवनांक सुमारे १.४७ आहे. त्यात हेच भिंग बुडविले तर नाभीय अंतर तीन मीटरांच्या घरात जाते आणि काच डोळ्यांना जेमतेम दिसते. कार्बन डायसल्फाइड या द्रवाचा अंक १.६३, म्हणजे काचेहून अधिक आहे. त्यात हे फुगीर भिंग किरण एकत्र आणण्याऐवजी पसरवू लागते, जणू ७५ सेंटीमीटर नाभीय अंतराचे खोलगट भिंगच. तो द्रव विषारी आणि चटकन पेट घेणारा असल्यामुळे हा प्रयोग शाळेत करू नये. आम्ही पाण्यावरच भागविले.

आता त्या वहीकडे वळतो. आमच्या प्रयोगशाळेत ३० सेंटीमीटर लांबीची, सपाट भिंतींची काचेची पेटी होती. तीत पाणी भरून भिंग उभे करावयाचे. समोरून झाडाचा प्रकाश येऊ द्यावयाचा आणि मागे पुठ्ठ्यावर प्रतिमा शोधावयाची. एका मुलाने वहीत ४८ सेंटीमीटर असे लिहिले. दुसऱ्याने ३९ लिहिले. पहिल्याला मी दहापैकी दहा गुण दिले. दुसऱ्याच्या वहीवर तांबड्या शाईने "निष्काळजीपणा" असा शेरा मारून तीन गुण दिले.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला. म्हणाला, "सर, बाजू असमान आहेत म्हणून असेल असे वाटले. भिंग उलटे करून पाहिले, तरी एकोणचाळीसच येतात."

ही तपासणी शहाणपणाची होती. दोन्ही बाजूंना पाणी असल्यामुळे भिंग उलटल्याने काही बदलावयास नको होते, आणि बदललेही नव्हते. भिंग पाण्याच्या पृष्ठभागी धरून त्याची एक बाजू हवेत आणि दुसरी पाण्यात ठेवली असती, तर मात्र कोणती बाजू वर आहे यावर उत्तर अवलंबून राहिले असते. येथे तसे नव्हते. म्हणजे निष्काळजीपणा म्हणून त्याची बोळवण करता येईना.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघांनी प्रयोग पुन्हा मांडला. भिंग पेटीच्या मागच्या भिंतीपासून १२ सेंटीमीटरांवर होते. प्रतिमा भिंतीच्या बाहेर २७ सेंटीमीटरांवर पडली. एकूण ३९. मग भिंग भिंतीच्या जवळ, ४ सेंटीमीटरांवर नेले. एकूण अंतर ३७च्या आसपास भरले. भिंग मागे ओढून २० सेंटीमीटरांवर ठेवले, तर ४१च्या आसपास. नाभीय अंतर भिंगाच्या जागेवर अवलंबून असू शकत नाही. जागा बदलली की आकडा बदलत असेल, तर आपण जे मोजतो आहोत ते नाभीय अंतर नव्हे, हे तेथेच सिद्ध झाले.

कारण काय, ते पातेल्यातले नाणे सांगेल. पाण्याच्या तळाशी पडलेले नाणे वर आल्यासारखे दिसते. चार बोटे खोल असेल तर तीन बोटे खोल भासते. पाण्यातून हवेत येताना किरण अधिक तिरपा होतो, म्हणून असे घडते. आमच्या पेटीत तेच घडत होते. भिंगातून निघालेले किरण ४८ सेंटीमीटरांवर एकत्र येण्यासाठी निघाले होते. परंतु १२ सेंटीमीटर गेल्यावर पाणी संपले. उरलेले ३६ सेंटीमीटर त्यांना हवेत जावयाचे होते आणि हवेत ते अधिक झपाट्याने जवळ आले. ३६चे तीनचतुर्थांश २७. बारा आणि सत्तावीस, एकोणचाळीस. भिंतीची काच पातळ असल्यामुळे तिचा स्वतःचा परिणाम सेंटीमीटरच्या आतच राहतो.

हिशेब उलटा करूनही पाहता येतो. बाहेरच्या अंतराला चारतृतीयांशाने गुणावे आणि त्यात पाण्यातील अंतर मिळवावे. २७चे ३६ होतात, त्यात १२ मिळविले की ४८. दुसऱ्या मांडणीत बाहेर ३३ होते. त्यांचे ४४, आणि ४ मिळवून ४८. तिसरीत २१, त्यांचे २८, आणि २० मिळवून पुन्हा ४८. सूत्र खरे होते आणि मुलाचे मोजमापही खरे होते. सूत्र पाण्याने सर्व बाजूंनी वेढलेल्या भिंगाविषयी बोलत होते. मुलाची मोजपट्टी पाणी आणि हवा अशा दोन प्रदेशांतून गेली होती.

हा हिशेब पातळ भिंगाचा आणि मधल्या रेषेच्या जवळून जाणाऱ्या किरणांचा आहे, हेही सांगितले पाहिजे. शिवाय नाभीय अंतर लांबले की पुठ्ठा अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तरी प्रतिमा तितकीच स्पष्ट भासते. म्हणून प्रत्येक जागी चारपाच वेळा मोजून सरासरी घ्यावी लागते. परंतु ३९ आणि ४८ यांतले अंतर असल्या बारीकसारीक कारणांनी भरून निघत नाही. ते काही तरी सांगत असते.

आणि मग माझे लक्ष त्या पहिल्या वहीकडे गेले. पेटी ३० सेंटीमीटर लांब. तीत ४८ सेंटीमीटरांवर पडणारी प्रतिमा कोणी कशी पाहिली असेल? ती पेटीत मावणारच नव्हती. आणि पेटीबाहेर ती भिंगापासून ४३.५ सेंटीमीटरांपलीकडे कधीच पडत नाही, कारण भिंग पुढच्या भिंतीला अगदी टेकविले तरी तीसात अठराचे तीनचतुर्थांश मिळवून ४३.५ होतात, आणि प्रत्यक्षात भिंगाच्या उभ्या चौकटीमुळे ते तितके पुढे नेताच येत नाही. ४८ हा आकडा पुठ्ठ्यावरून आला नव्हता, सूत्रावरून आला होता. हा विचार मी वही तपासताना केला असता, तर तांबडी शाई दुसऱ्या वहीवर उमटली असती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे दोन्ही वह्यांचे गुण बदलले आणि कोणाचीही नावे न घेता त्याची कारणे फळ्यावर मांडली. "निष्काळजीपणा" हा शब्द खोडून त्याखाली मी माझी सही केली. तेव्हापासून आमच्या शाळेत हा प्रयोग तीन जागी भिंग ठेवून करतात, आणि वहीत पाण्यातील अंतर व हवेतील अंतर असे दोन स्वतंत्र रकाने असतात. ज्या वहीत एकच रकाना आणि त्यात नेमके ४८ असतील, त्या मुलाला मी पेटीपाशी बोलावतो आणि म्हणतो, "प्रतिमा कोठे पडली, ते मला दाखव."