मार्केट रिटर्न की मार्केट रिस्क प्रीमियम? एक शब्द चुकला की शेअर महाग

आज कॅप-एमचं एकच गणित घेणार आहोत, पण अगदी शेवटपर्यंत. वही जवळ असेल तर उत्तम, लोकलमध्ये लटकत ऐकत असाल तर आकडे मी सावकाश सांगतो.

प्रश्न असा. रिस्क-फ्री रेट ७ टक्के, मार्केट रिटर्न १२ टक्के, शेअरचा बीटा १.४. कंपनीने नुकताच ५ रुपये डिव्हिडंड दिलाय आणि तो दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढेल. शेअर बाजारात ५५ रुपयांना मिळतोय. घ्यायचा का?

आधी रिक्वायर्ड रिटर्न काढू, म्हणजे हा धोका पत्करायचा तर गुंतवणूकदार किमान किती परतावा मागेल. फॉर्म्युला तुम्हाला पाठ असेलच: रिस्क-फ्री रेट, अधिक बीटा गुणिले मार्केट रिस्क प्रीमियम. इथेच बरेच जण १.४ ला थेट १२ ने गुणतात. त्यांचं उत्तर येतं ७ अधिक १६.८, म्हणजे २३.८ टक्के.

पण १२ हा प्रीमियम नाहीये, तो पूर्ण मार्केटचा रिटर्न आहे. त्यातले ७ टक्के तर सरकारी रोख्यात काही धोका न घेता मिळतात. धोक्याचा मोबदला फक्त वरचे ५. म्हणून ७ अधिक १.४ गुणिले ५, बरोबर १४ टक्के.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हा प्रकार ओळखीचा वाटतो. दोन्ही व्हेरिएबल फ्लोट, कंपायलर चकार शब्द काढत नाही आणि उत्तर मात्र भलतंच. म्हणून एक छोटी टेस्ट ठेवा: बीटाच्या जागी १ घाला. बीटा १ म्हणजे शेअर मार्केटसारखाच हलतो, मग रिटर्नही मार्केटइतकाच, १२ यायला हवा. चुकीच्या पद्धतीने १९ येतो. लगेच कळतं. अर्थात प्रश्नात ‘मार्केट रिस्क प्रीमियम’ असे शब्द असतील तर वजाबाकी आधीच झालेली असते, तिथे पुन्हा ७ वजा करू नका.

आता किंमत. पुढच्या वर्षीचा डिव्हिडंड ५ रुपये ३० पैसे. त्याला १४ वजा ६, म्हणजे ८ टक्क्यांनी भागा: ६६ रुपये २५ पैसे. शेअर ५५ ला मिळतोय, म्हणजे स्वस्त आहे, घ्या. आणि २३.८ वाल्याचं काय? ५.३० भागिले १७.८ टक्के, साधारण २९ रुपये ७८ पैसे. तो म्हणेल, महाग आहे, विका! एक वजाबाकी राहिली आणि सल्लाच उलटा झाला.

बरं, हा १.४ कुठून आला? परीक्षेत कधीकधी बीटा देतच नाहीत. शेअरचं स्टँडर्ड डेव्हिएशन २८ टक्के, मार्केटचं १६ आणि दोघांमधलं कोरिलेशन ०.८ एवढंच देतात. मग ०.८ गुणिले २८ भागिले १६, आला १.४. कोव्हेरियन्स दिला असेल तर मार्केटच्या व्हेरियन्सने भागा. व्हेरियन्स म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग, हे घाईत विसरायला होतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. दुसरा एक शेअर घ्या, जास्त उड्या मारणारा: स्टँडर्ड डेव्हिएशन ४० टक्के, पण कोरिलेशन फक्त ०.३. बीटा किती? ०.३ गुणिले ४० भागिले १६, म्हणजे ०.७५. रिक्वायर्ड रिटर्न १०.७५ टक्के. पहिल्यापेक्षा जास्त उड्या आणि परतावा कमी मागायचा? हो. कारण त्याच्या बऱ्याचशा उड्या त्याच्या स्वतःच्या आहेत, मार्केटशी त्यांचा संबंध नाही. पोर्टफोलिओत वीस-तीस वेगवेगळे शेअर असले की अशा उड्या एकमेकींना बऱ्याच प्रमाणात मारून टाकतात. जो धोका नुसते शेअर वाटून ठेवून घालवता येतो, त्याचे पैसे बाजार का देईल? विल्यम शार्प यांनी १९६४ साली मांडलेल्या मॉडेलचा गाभा हाच. त्यांना १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं.

पण एकच शेअर घेऊन बसलेल्या माणसाला हे लागू नाही हं. त्याच्या वाट्याला पूर्ण ४० टक्के येतात.

आणि बीटा मागच्या किमतींवरून काढलेला अंदाज असतो. दोन वर्षांचा डेटा घेतला की एक आकडा, पाच वर्षांचा घेतला की दुसरा. आपल्याच गणितात १.४ ऐवजी १.२ धरा: रिक्वायर्ड रिटर्न १३, आणि किंमत ५.३० भागिले ७ टक्के, म्हणजे ७५ रुपये ७१ पैसे. बीटा ०.२ ने हलला, किंमत साडेनऊ रुपयांनी. इथे ५५ रुपये दोन्हींच्या खाली आहेत, त्यामुळे ‘घ्या’ हे उत्तर टिकतं. बाजारभाव ७० असता, तर निर्णय पूर्णपणे कोणता बीटा धरला यावर गेला असता.